खाडीच्या चिकणमातीचा सी-व्ही: वर्गमूळ-वेळ आणि लॉग-वेळ, एकाच नमुन्यावर (प्रकल्प नोंदी)

नवी मुंबईच्या खाडीकाठची मऊ मरीन क्ले, शेल्बी ट्यूबमधून काढलेला अविचलित नमुना. आयएस २७२०, भाग १५ प्रमाणे ओडोमीटर चाचणी. सी-व्ही म्हणजे भाराखाली पाणी निघून माती दबण्याचा, म्हणजे कन्सॉलिडेशनचा, वेग सांगणारा गुणांक. तो काढायला एकाच टप्प्याच्या वाचनांवर दोन्ही पद्धती लावायच्या, उत्तरांत फरक किती पडतो आणि कशामुळे पडतो ते पाहायचे, एवढेच काम. हीच चाचणी करणाऱ्यांना पडताळा घेता यावा म्हणून मधल्या आकड्यांसह नोंदी ठेवल्या आहेत.

६ जानेवारी २०२५: नमुना बसवणे

रिंग ६० मिमी व्यासाची, २० मिमी उंचीची. रिंगच्या आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला. पोरस स्टोन वीस मिनिटे उकळून पाण्यातच गार केले. कोरडा दगड चिकणमातीचे पाणी ओढून घेतो आणि त्याच्या छिद्रांतली हवा निचरा अडवते. दोन्ही गोष्टींचा परिणाम पहिल्या दोन-तीन मिनिटांच्या वाचनांवर होतो, आणि दोन्ही पद्धतींची सुरुवातीची रेघ तिथूनच ओढायची असते.

रिंग ट्यूबमधल्या मातीत दाबताना ती तिरकी जाऊ लागली, म्हणून काढून पुन्हा दाबली. ट्यूबचा खालचा सुमारे ४० मिमी भाग त्यात वाया गेला. मातीत शिंपल्याचा तुकडा निघाला की काप घेणारी तार तिथे अडकते आणि खड्डा पडतो. तो खड्डा चिखलाने बुजवू नये, नवा काप घ्यावा. बुजवलेला भाग भार येताच दबतो आणि ती खचण सुरुवातीच्या आकुंचनात मोजली जाते.

भाराचा हिशेब: क्षेत्रफळ २८.२७ चौ. सेमी, लिव्हर १:१०. म्हणजे १०० किलोपास्कलसाठी हँगरवर २.८८ किलो, ५० साठी १.४४ किलो. आज ५ किलोपास्कलचा सीटिंग लोड देऊन सेलमध्ये पाणी भरले.

७ जानेवारी: ५ ते २५ किलोपास्कल

खचण एकूण ०.३२ मिमी. लॉगच्या आलेखावर इंग्रजी एस अक्षरासारखे वळण आलेच नाही. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलक्या उताराची होती आणि शेपटीची सरळ रेघ कुठे सुरू होते ते ठरवता येत नव्हते. यात चाचणीचा दोष नाही. हा भार मातीने पूर्वी सोसलेल्या भारापेक्षा कमी आहे, त्यामुळे पाणी पटकन निघून जाते आणि दुय्यम आकुंचन लवकर मिसळते. अशा टप्प्यावर लॉग पद्धतीचा आकडा ओढूनताणून काढू नये. वर्गमूळाचा आलेख इथे वापरता येतो, पण टी-९०, म्हणजे नव्वद टक्के कन्सॉलिडेशनला लागणारा वेळ, अवघ्या चारेक मिनिटांचा येत असल्याने रेघ ओढायला तीन-चारच बिंदू मिळतात. या टप्प्याचा सी-व्ही "अंदाजे" असा शेरा मारून ठेवला.

८ जानेवारी: २५ ते ५० किलोपास्कल, टप्पा वाया

डायल गेजचा काटा अडकत होता. पाव मिनिटाला ०.०६० मिमी, एका मिनिटालाही ०.०६०, मग एकदम ०.१४८. टेबलावर हलकेच टिचकी मारली की काटा पुढे सरकायचा. स्पिंडलवर सुकलेली माती चिकटली होती. स्पिंडल स्पिरिटने पुसून काढल्यावर काटा मोकळा झाला, पण तोवर पहिली दहा मिनिटे हातची गेली होती.

असे झाल्यावर भार काढून तोच टप्पा पुन्हा देण्याचा मोह होतो. तसे करू नये. एकदा दबलेली माती दुसऱ्यांदा त्याच भाराखाली तशी दबत नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळचा सी-व्ही वेगळ्याच अवस्थेतल्या मातीचा असतो. शेवटचे चोवीस तासांचे वाचन बरोबर असेल, तर पोकळी-गुणोत्तराचा बिंदू वाचतो. सी-व्ही मात्र त्या टप्प्यापुरता गेला, हे मान्य करून पुढचा भार द्यायचा. खचण ०.५४ मिमी. सीटिंगचे ०.०४ आणि कालचे ०.३२ धरून एकूण ०.९० मिमी, म्हणजे उद्याच्या टप्प्याच्या सुरुवातीची जाडी १९.१० मिमी.

९ जानेवारी: ५० ते १०० किलोपास्कल, मुख्य टप्पा

भार दुप्पट झाला, त्यामुळे एस आकार येईल अशी अपेक्षा होती आणि तो नीट आला. वजन ठेवताना लिव्हरखालचा आधार-स्क्रू टेकलेला ठेवला, वजन बसल्यावर स्क्रू सोडला आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू केले. गेजचा लीस्ट काउंट ०.००२ मिमी. सगळी वाचने टप्प्याच्या सुरुवातीपासूनच्या खचणीत लिहिली आहेत.

| वेळ (मिनिटे) | वेळेचे वर्गमूळ | खचण (मिमी) |
|---|---|---|
| ०.२५ | ०.५ | ०.१३० |
| १ | १ | ०.२३२ |
| २.२५ | १.५ | ०.३३४ |
| ४ | २ | ०.४३६ |
| ६.२५ | २.५ | ०.५३८ |
| ९ | ३ | ०.६३४ |
| १२.२५ | ३.५ | ०.७२४ |
| १६ | ४ | ०.८०६ |
| २०.२५ | ४.५ | ०.८८२ |
| २५ | ५ | ०.९५० |
| ३६ | ६ | १.०६२ |
| ४९ | ७ | १.१४० |
| ६४ | ८ | १.१९४ |
| ८१ | ९ | १.२३० |
| १०० | १० | १.२५६ |
| १४४ | १२ | १.२९० |
| २२५ | १५ | १.३२२ |
| ४०० | २० | १.३५८ |
| १४४० | ३७.९ | १.४३४ |

पाव मिनिटाच्या वाचनाला दोन माणसे लागतात, एक घड्याळाकडे आणि एक गेजकडे. त्या क्षणी काटा सेकंदाला साधारण ०.००३ मिमी वेगाने पळत असतो. तीन सेकंद उशीर झाला की ०.०१ मिमीची चूक होते, म्हणजे गेजवर पाच घरे.

१० जानेवारी: वर्गमूळ-वेळ पद्धत

चोवीस तासांचे वाचन घेऊन २०० चा भार चढवला आणि आलेखाला बसलो. आडव्या अक्षावर वेळेचे वर्गमूळ, उभ्या अक्षावर खचण खालच्या दिशेला. ०.२५ ते ६.२५ मिनिटांचे पाच बिंदू अचूक एका रेघेत आले. दर एककाला उतार ०.२०४ मिमी, आणि रेघ मागे वाढवली की शून्य वेळेला ०.०२८ मिमी. हाच दुरुस्त शून्य. ०.०२८ ही पाणी निघण्याआधीची लगेचची खचण. त्यात हवेचे दबणे, फिल्टर पेपरचे बसणे, सांध्यांतली सैलता हे सगळे येते.

आता दुसरी रेघ. ती याच दुरुस्त शून्यातून निघते आणि तिचे प्रत्येक आडवे अंतर पहिल्या रेघेच्या १.१५ पट असते. म्हणजे उतार १.१५ ने भागायचा: ०.२०४ चे ०.१७७४ होतात. उतार १.१५ ने गुणला की दुसरी रेघ पहिलीपेक्षा तीव्र होते आणि वक्राला पुढे कुठे छेदतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच ध्यानात येते. दुसरी रेघ मूळ शून्यातून, म्हणजे ०.००० वरून, ओढण्याची चूक मात्र आलेखावर दिसत नाही. छेद मिळतो, पण चुकीचा.

शीटमध्ये हेच असे केले. अ स्तंभात वेळ, ब मध्ये वर्गमूळ, क मध्ये खचण, आणि शून्य वेळेची ओळ वगळून डेटा तिसऱ्या ओळीपासून:

```
F1:  =SLOPE(C3:C7,B3:B7)
F2:  =INTERCEPT(C3:C7,B3:B7)
D3:  =$F$2+$F$1/1.15*B3
E3:  =C3-D3
```

D3 आणि E3 खालपर्यंत ओढायचे. E स्तंभाची खूण जिथे अधिकची उणे होते तिथे छेद. २५ मिनिटांना +०.०३५ आणि ३६ मिनिटांना −०.०३० आले. या दोहोंमध्ये सरळ रेषेने मोजले तर वर्गमूळ ५.५४ येते. आलेखावर वक्र हाताने गुळगुळीत काढला तर ५.५८, कारण वक्र मध्ये थोडा फुगलेला असतो. हाताचा आकडा घेतला: टी-९० ३१ मिनिटे.

निचऱ्याची लांबी: सुरुवातीची जाडी १९.१०, शेवटची १७.६७, सरासरी १८.३८ मिमी. दगड वर आणि खाली दोन्हीकडे आहेत, म्हणून निम्मी: ९.१९ मिमी, वर्ग ८४.५.

```
Cv = 0.848 × 84.5 / 31 = 2.31 mm²/min = 1.21 m²/yr
```

मिमी वर्ग प्रतिमिनिटावरून मीटर वर्ग प्रतिवर्षावर जायला ०.५२५६ ने गुणायचे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सरळ रेघेत किती बिंदू घ्यायचे या प्रश्नात. आलेखावर नुसत्या डोळ्यांनी १६ मिनिटांपर्यंतचे बिंदूही सरळच वाटतात. ते आठही बिंदू घेऊन रेघ बसवली तर उतार ०.१९५ होतो, दुरुस्त शून्य ०.०४० वर सरकतो आणि टी-९० ३१ चा ३६.५ मिनिटांवर जातो. सी-व्ही १.२१ वरून १.०३. माती तीच, वाचने तीच, फक्त तीन बिंदू जास्त घेतले आणि पंधरा टक्के फरक पडला. म्हणून बिंदू डोळ्यांनी न निवडता फरक मोजून निवडले. वर्गमूळात दर अर्ध्या एककाला खचण ०.१०२ मिमीने वाढत होती, ९ मिनिटांच्या बिंदूपाशी ती वाढ ०.०९६ झाली, तिथे रेघ संपवली.

११ जानेवारी: लॉग-वेळ पद्धत

सेमी-लॉग कागदावर तीच वाचने. शून्याची वेळ या कागदावर बसत नाही, म्हणून दुरुस्त शून्य वेगळ्या वाटेने काढावा लागतो. १ आणि ४ मिनिटे ही चौपटीची जोडी घेतली. वाचने ०.२३२ आणि ०.४३६, फरक ०.२०४. तो फरक पहिल्या वाचनातून वजा केला की ०.०२८. ०.२५ आणि १ या जोडीनेही ०.०२८ च आले. २.२५ आणि ९ ची जोडी ०.०३४ देते, कारण ९ मिनिटांना निम्मे कन्सॉलिडेशन होत आलेले आहे. ही कृती निम्म्याच्या बरीच अलीकडच्या बिंदूंवरच खरी ठरते.

दोन जोड्या तपासण्याचे खरे कारण घड्याळ आहे. समजा भार बसल्यानंतर पाच सेकंदांनी घड्याळ सुरू झाले. मग याच मातीची वाचने ०.१४६, ०.२४०, ०.४४० अशी आली असती. पहिल्या जोडीने शून्य ०.०५२ दाखवला असता आणि दुसरीने ०.०४०. एकाच टप्प्यातल्या दोन जोड्या वेगवेगळा शून्य देऊ लागल्या आणि आधीची जोडी मोठा आकडा देत असेल, तर सर्वांत आधी घड्याळावर संशय घ्यावा. पाच-दहा सेकंदांचे अंतर सगळ्या वेळांत मिळवून पाहावे. जोड्या जुळल्या तर दोष तोच होता.

आता शंभर टक्क्यांचा बिंदू. वक्राच्या सगळ्यात तीव्र भागाला स्पर्शिका, आणि शेपटीला सरळ रेघ. स्पर्शिका कुठे लावायची यावर नेहमी वाद होतो, म्हणून लागोपाठच्या वाचनांमधला उतार दर लॉग चक्राला मोजला: ९ ते १२ मिनिटांत ०.६७, मग ०.७१, १६ ते २५ मध्ये ०.७४, पुढे पुन्हा ०.७१, ०.५८. म्हणजे तीव्र भाग २० मिनिटांच्या आसपास आहे. स्पर्शिका तिथूनच, उतार ०.७४५. शेपटी ४०० आणि १४४० मिनिटांच्या बिंदूंतून, उतार ०.१३७. २२५ ते ४०० चा उतार ०.१४४ येतो, म्हणजे शेपटी चांगली सरळ आहे. दोन रेघा सुमारे ६३ मिनिटांपाशी, १.२४८ मिमीवर छेदतात.

पन्नास टक्क्यांचा बिंदू ०.०२८ आणि १.२४८ यांच्या मध्यावर, ०.६३८ मिमी. वक्रावर तो ९.१ मिनिटांना.

```
Cv = 0.197 × 84.5 / 9.1 = 1.83 mm²/min = 0.96 m²/yr
```

शेपटीच्या बाबतीत घाई केली तर काय होते तेही मोजले. भार २२५ मिनिटांनंतर बदलला असता, तर शेपटी १०० ते २२५ मिनिटांच्या बिंदूंतून ओढावी लागली असती. त्यांचा उतार ०.१८७, कारण प्राथमिक टप्प्याचा शेवट त्यात अजून मिसळलेला असतो. छेद १.२०८ वर येतो, टी-५० ८.५ मिनिटे आणि सी-व्ही १.०३. रात्रभर थांबण्याचा मोबदला एवढा: सात टक्क्यांची चूक टळते.

२०० चे चोवीस तासांचे वाचनही आज घेतले. रात्रभर एसी चालू राहिल्याने सेलमधले पाणी वरच्या दगडाच्या खाली गेले होते. शेपटीचा शेवटचा बिंदू रेघेच्या खाली, म्हणजे जास्त खचणीकडे, झुकलेला निघाला. तो बिंदू सोडून शेपटी ओढली. ४०० चा भार चढवल्यावर सेलवर प्लास्टिकची टोपी बसवली.

१३ जानेवारी: १.२१ की ०.९६?

५० ते १०० च्या टप्प्यावर वर्गमूळ पद्धत लॉगपेक्षा सव्वापट मोठा आकडा देते. मऊ मातीत असा फरक आणि याच दिशेचा फरक नेहमी दिसतो. टप्पा पुढे सरकतो तशी माती घट्ट होत जाते आणि पाणी जायची वाट अरुंद होते. वर्गमूळ पद्धतीला सुरुवातीची वाचने वजनदार, लॉग पद्धत शेपटीवर टेकलेली. शिवाय प्राथमिक खचण संपण्याआधीच दुय्यम आकुंचन सुरू झालेले असते, आणि लॉगच्या शंभर टक्क्यांत त्याचा वाटा शिरतो. या टप्प्यात ते स्पष्ट दिसते: लॉगने प्राथमिक खचण १.२२ मिमी धरली. वर्गमूळात नव्वद टक्क्यांचा बिंदू १.०१८ वर होता, त्यावरून शंभर टक्के १.१२८ वर, म्हणजे प्राथमिक खचण १.१० मिमीच.

दोन पद्धतींच्या तुलनेची एक मर्यादा नोंदवणे गरजेचे आहे. सिद्धान्तात टी-९० भागिले टी-५० हे ४.३० असते, इथे ३१ भागिले ९.१ म्हणजे ३.४१. सी-व्हीमधला सगळा फरक या गुणोत्तरातूनच येतो. जाडी दोन्हीकडे तीच असल्याने छेदून जाते. म्हणून निम्म्याऐवजी पूर्ण जाडी घेतली गेली, तर दोन्ही सी-व्ही चौपट होतात आणि तरीही एकमेकांशी तितकेच जुळतात. दोन पद्धती जुळल्या म्हणजे हिशेब बरोबर, असे समजून चौपट सी-व्ही अहवालात जाऊ शकतो.

किती नुकसान होईल ते सहा मीटर जाडीच्या थरावर पाहा. वर वाळू, खाली वाळू, निचऱ्याची लांबी ३ मीटर. नव्वद टक्के खचणीला १.२१ ने ६.३ वर्षे, ०.९६ ने सुमारे ८ वर्षे. चौपट झालेल्या ४.८४ ने १.६ वर्षे. पहिल्या दोन आकड्यांतला फरक डिझाइन पेलू शकते. तिसऱ्या आकड्याने भरावाचे सगळे वेळापत्रक चुकेल. म्हणून शीटमध्ये "निचरा: दोन्ही बाजू" आणि "d = ९.१९ मिमी" हे दोन रकाने वेगळे, हाताने भरायचे ठेवले. सूत्राच्या आत निम्मी जाडी दडवली की ती कुणी तपासत नाही.

शेवटची तपासणी पारगम्यतेची. आकारमान-संकोच गुणांक लॉगच्या प्राथमिक खचणीवरून ०.००१२८ चौ. मी. प्रति किलोन्यूटन. त्यावरून पारगम्यता लॉगने सेकंदाला ३.८ × १०⁻¹⁰ मीटर, वर्गमूळाने ४.८ × १०⁻¹⁰. दोन्ही मऊ चिकणमातीला शोभणारे आहेत. इथे १०⁻⁸ आले असते तर एककांत गफलत किंवा रिंगच्या कडेने पाण्याला वाट, यांपैकी एक शोधावे लागले असते.

१४ जानेवारी: अहवालातली नोंद

दोन आकड्यांची सरासरी काढली नाही. नोंद अशी गेली: भार ५० ते १०० किलोपास्कल, भारवाढ दुप्पट, दोन्ही बाजूंनी निचरा, सरासरी जाडी १८.३८ मिमी, वर्गमूळ पद्धतीने वर्षाला १.२१ चौ. मी. (सरळ रेघ ०.२५ ते ६.२५ मिनिटे), लॉग पद्धतीने ०.९६ चौ. मी. (शेपटी ४०० ते १४४० मिनिटे). कंसातले तपशील जोडले की दुसऱ्या कुणाला तीच रेघ पुन्हा ओढता येते. वेळेच्या अंदाजासाठी ०.९६ सुचवला, कारण भरावाखाली थांबण्याचा काळ कमी धरण्यापेक्षा थोडा जास्त धरलेला परवडतो. २५ ते ५० च्या टप्प्यासमोर सी-व्ही "वाचने सदोष, काढला नाही" असे लिहिले. त्याच ट्यूबचा वरचा भाग शिल्लक आहे, त्याच्यावर तो टप्पा गेज साफ करून घ्यायचा आहे.